रूट लोकस काढायला बसण्याआधी : K वाढला की पोल कुठे सरकतात

परीक्षेची तयारी करताना नियमांची यादी पाठ करण्यापेक्षा एकच गणित शेवटपर्यंत सोडवा. मी G(s) = K/[s(s+2)(s+4)] घेतो. युनिटी निगेटिव्ह फीडबॅक आणि K शून्याच्या वर, असं धरू.

आलेखाच्या कागदावर दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखंच घ्या. जागा पुरावी म्हणून उभ्या अक्षाचं प्रमाण बदललंत तर कोनमापकाने मोजलेला प्रत्येक कोन चुकतो, आणि ही पद्धत सगळी कोनांवरच उभी आहे. वॉल्टर इव्हान्स यांनी 1948 साली ती मांडली, तेव्हा प्रत्येक K साठी त्रिघाती समीकरण हाताने सोडवणं टाळायचं होतं.

ओपन-लूप पोल 0, -2 आणि -4 वर फुलीने दाखवा. झिरो एकही नाही, म्हणजे तिन्ही शाखा अनंताकडे जाणार. वास्तव अक्षावरच्या ज्या बिंदूच्या उजवीकडे पोल-झिरोंची एकूण संख्या विषम, तो बिंदू लोकसवर. म्हणून 0 ते -2 हा तुकडा आणि -4 च्या डावीकडचा सगळा अक्ष जाड करा. असिम्टोटचे कोन 60, 180 आणि 300 अंश, आणि त्यांचा सेंट्रॉइड (0-2-4)/3 = -2.

ब्रेकअवे पॉइंटवर घाई नको. कॅरॅक्टरिस्टिक समीकरण s³+6s²+8s+K = 0, म्हणून K = -(s³+6s²+8s). dK/ds शून्य केलं की 3s²+12s+8 = 0, आणि उत्तरं येतात -0.845 व -3.155. दुसरं उत्तर जाड केलेल्या तुकड्यांत बसत नाही, तिथे K ऋण येतो, ते सोडून द्या. पहिल्या ठिकाणी K साधारण 3.08 आहे. तिथे दोन पोल एकमेकांना भेटतात आणि अक्ष सोडून वर-खाली निघतात.

काल्पनिक अक्ष कुठे ओलांडला जातो ते राउथ टेबलमधून मिळतं. K = 48 ला s¹ ची ओळ शून्य होते आणि 6s²+48 = 0 वरून s = ±j2.83. त्यापुढे सिस्टिम अस्थिर.

आता या गणितातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. s² चा सहगुणक 6 आहे आणि त्यात K कुठेच नाही. म्हणून K कितीही असो, तिन्ही क्लोज्ड-लूप पोलांची बेरीज -6 च राहते. (पोल झिरोंपेक्षा निदान दोनने जास्त असले तरच हे खरं.) ब्रेकअवेला तिसरा पोल -4.31 वर असतो, K = 48 ला तो -6 वर पोचतो. तो जितका डावीकडे जातो, तितकी उरलेली जोडी उजवीकडे सरकावीच लागते. ब्रेकअवेपर्यंत गेन वाढवला की प्रतिसाद वेगवान होत जातो. त्यानंतर जोडीचा वास्तव भाग -0.845 वरून शून्याकडे येतो, म्हणजे झोकेही वाढतात आणि ते शमायलाही जास्त वेळ लागतो. ‘गेन वाढवला की सेटलिंग टाइम कमी होतो’ असं सरसकट लिहिलंत तर या गणितात ते चूक ठरेल.

डॅम्पिंग रेशो 0.5 मागितला असेल तर ऋण वास्तव अक्षाशी 60 अंशांची रेघ मारा. ती लोकसला -0.667+j1.155 ला छेदते. बिंदू बरोबर आहे ना, हे कोनांनी पडताळा: तीन पोलांपासूनचे कोन 120, 40.9 आणि 19.1 अंश, बेरीज 180. लांब्या 1.333, 1.764 आणि 3.528, त्यांचा गुणाकार K = 8.3. तिसरा पोल -4.67 वर, जोडीपेक्षा सातपट दूर, म्हणून सेकंड ऑर्डरचं सूत्र वापरायला हरकत नाही: ओव्हरशूट सुमारे 16 टक्के, सेटलिंग टाइम 4/0.667, म्हणजे 6 सेकंद.

प्रश्नात K/[s(1+0.5s)(1+0.25s)] दिलं असेल तर आधी s चे सहगुणक 1 करून घ्या. तिथला गेन आपल्या K च्या आठवा भाग असतो, त्यामुळे स्थिरतेची मर्यादा 48 नव्हे, 6 येते. आकृती हुबेहूब तीच दिसते, म्हणून ही चूक नजरेतून सुटते.

वेळ उरला तर -3 वर एक झिरो घालून हेच पुन्हा काढा. बेरीज अजूनही -6 च, पण आता तिसरा पोल -4 वरून उजवीकडे -3 पर्यंत येतो. त्यामुळे जोडी डावीकडे सरकते आणि शेवटी -1.5 मधून जाणाऱ्या उभ्या असिम्टोटला टेकते. राउथ टेबल मांडून पाहा, 6(8+K) हे 3K पेक्षा नेहमीच मोठं, त्यामुळे कुठल्याही धन K ला ही सिस्टिम अस्थिर होत नाही.