फोन दाराजवळ ठेवल्यावर

फोन पूर्ण सोडणं शक्य नव्हतं. म्हणून घरी असताना तो दाराजवळच्या टेबलावर ठेवला, रिंग मोठी आणि बाकी नोटिफिकेशन बंद. उशाशी गजराचं घड्याळ, खिशात छोटी वही.

पहिला आठवडा: हात खिशाकडे गेला की वेळ आणि आधी काय चाललं होतं, एवढंच लिहायचं. खिशात फोन नसूनही मांडीवर थरथर जाणवायची. हा भास बऱ्याच जणांना होतो. नोंदी वाचल्या तर निव्वळ कंटाळा कमीच निघाला. हात जायचा तो कामांच्या सांध्यावर: पाणी उकळेपर्यंत, एक काम संपून दुसरं सुरू होण्याआधी, आणि अवघड ईमेलचं पहिलं वाक्य सुचत नसताना. हे शेवटचं सगळ्यात जास्त वेळा. म्हणजे ती चुळबुळ नव्हती, चक्क पळवाट होती. मग नियम केला: वाईट का होईना, आधी एक वाक्य लिहायचं. ओढ बहुतेकदा तेवढ्यातच ओसरायची.

दुसरा आठवडा: चोर मागच्या दाराने आला. तेच स्क्रोलिंग लॅपटॉपवर सुरू! तिथून लॉगआउट केलं आणि सेव्ह केलेले पासवर्डही काढून टाकले.

त्यानंतर जड गेली ती रात्र. दिवे मालवले की राहिलेली कामं डोक्यात रांग लावायची. ती झोपण्याआधी कागदावर उतरवू लागलो, मग पुस्तकाची दोन-चार पानं. ओटीपीसाठी फोन लागतोच. तो टेबलापाशी उभ्यानेच बघायचा. पाय दुखले की आपोआप खाली ठेवला जातो.