ओवी कशी वाचावी: भुंग्याच्या दोन ओव्यांवरून

पैठणजवळचं आपेगाव ज्ञानेश्वरांचं मूळ गाव, आणि ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत एकनाथांनी पैठणातच शके 1506 मध्ये तयार केली. आपल्याकडे पारायणात ज्ञानेश्वरीतली ओवी कानावरून सतत जाते. तिची घडण कळायला पहिल्या अध्यायातल्या या दोन ओव्या पुरेशा आहेत. अर्जुन आप्तांच्या मायेत अडकला, तिथल्या:

जैसा भ्रमर भेदी कोडें । भलतैसें काष्ठ कोरडें ।
परि कळिकेमाजी सांपडे । कोंवळिये ॥

तेथ उत्तीर्ण होईल प्राणें । परि तें कमळदळ चिरूं नेणें ।
तैसें कठिण कोवळेपणें । स्नेह देखा ॥

आधी दंडांपाशी थांबत मोठ्याने वाचा आणि प्रत्येक चरणाची अक्षरं मोजा. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. पहिल्या ओवीत 9, 9, 10, 4 येतात. दुसरीत 10, 12, 10, 4. आकडे जुळले नाहीत म्हणून पाठ चुकीचा समजू नका. सहा-सहा-सहा-चार हा हिशेब अभंगाचा. ग्रंथातली ओवी सैल असते. चौथा चरण मात्र आखूड हवा.

मग यमक शोधा. कोडें, कोरडें, सांपडे. प्राणें, नेणें, कोवळेपणें. पहिले तीन चरण जुळतात, चौथा मोकळा राहतो. माझ्या मते ओवीचा प्राण या मोकळ्या चरणात आहे. तोही जुळवला तर कान ‘संपलं’ म्हणतो. मोकळा ठेवला की पुढच्या ओवीची वाट बघतो.

आता अर्थ, आणि इथेच बहुतेक जण अडखळतात. पहिल्या ओवीशी थांबलात तर फक्त एक भुंगा हाती लागतो: कसलंही कोरडं लाकूड लीलया पोखरणारा, पण कोवळ्या कळीत अडकलेला. ‘जैसा’ दिसला की ‘तैसें’ येईपर्यंत थांबू नका. ते दुसऱ्या ओवीच्या तिसऱ्या चरणात येतं: तो जीव देईल, पण पाकळी चिरणार नाही, स्नेह असा कोवळेपणानेच कठीण. ‘परि’ दोनदा येतो आणि दोन्हीदा विचार वळवतो, म्हणून तिथे आवाज किंचित उचला.

मग स्वतः रचून बघा. दृष्टान्त डोळ्यांसमोरचा घ्या. मी काळ्या रानातली उन्हाळी भेग घेतली:

जशी उन्हाने भुई भेगाळे । बैलाचा खूर तीत आदळे ।
पण पावसासरशी मावळे । भेग तिची ॥

तसे रुसले मन तुटते । शेजारी बोलणे खुंटते ।
परि एका हाकेने मिटते । अंतर सारे ॥

पहिल्या खर्ड्यात मी ‘तसे’ पहिल्याच ओवीत कोंबलं होतं. भेग दिसायच्या आतच रुसवा आला आणि दोन्ही अर्धे राहिले. दृष्टान्ताला अख्खी ओवी दिली, तेव्हा खूर आदळायला जागा मिळाली.