कार्बोरेटर रबरात अडकून बसलाय? जोर लावायच्या आधी या चुका टाळा

एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि नव्या स्कूटरमध्ये इंजेक्शन बसलं, पण आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्या अजून घराघरात आहेत आणि चालतातही मस्त. घोळ होतो तो कार्बो साफ करायला काढताना. कार्बो आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाड आखूड रबर असतं, दुकानात त्याला मॅनिफोल्ड रबर म्हणतात. एकीकडून इंजिनची धग, दुसरीकडून पेट्रोलची वाफ, वर भुसावळचा मे महिना आणि पत्र्याच्या शेडखाली उभी गाडी. अशात दहा-बारा वर्षं काढली की ते रबर लाकडासारखं कडक होतं आणि कार्बोच्या ॲल्युमिनियमच्या तोंडाला असं घट्ट धरून बसतं की क्लॅम्प पूर्ण मोकळा केला तरी कार्बो जागचा हलत नाही.

मग बहुतेक जण पहिली चूक करतात ती म्हणजे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकवणे. कडक रबर ताणलं जात नाही, टोकाचा सगळा जोर काठावरच्या एका ठिकाणी येतो आणि तिथून चीर पडते, वरून अर्ध्या नखाएवढी दिसते पण क्लॅम्प आवळला की ती आत सरकत जाते. शिवाय ड्रायव्हरचा ओरखडा कार्बोच्या तोंडावर उमटला तर नवीन रबर टाकूनही तिथून हवा ओढली जाऊ शकते.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, ती म्हणजे कार्बो दोन्ही हातांनी धरून गरागरा फिरवायचा. बऱ्याच गाड्यांत हे रबर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या प्लेटवर कारखान्यातच चिकटवून आलेलं असतं. फिरवलं की काठ शाबूत राहतो आणि आतला जोड सुटतो, वरून काहीच दिसत नाही, गाडी मात्र त्या दिवसापासून आयडलला वेड्यासारखी करते. हलवायचा असेल तर थोडंसं डावीकडे-उजवीकडे, वर-खाली, डुलवल्यासारखं, एवढंच. काही कार्बोंना रबरात बसणारी छोटी खूण किंवा खाच असते, ती असेल तर फिरवायचा प्रश्नच येत नाही.

मग करायचं काय? पेट्रोलपासून सुरुवात करा. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कार्बोच्या खालच्या वाटीला ड्रेन स्क्रू असतो तो सैल करून आतलं पेट्रोल बाटलीत घ्या आणि ती बाटली लांब ठेवा. ज्या गाडीत व्हॅक्यूमवर चालणारा पेट्रोल कॉक असतो तिथे त्याची बारीक नळी मॅनिफोल्डला किंवा कार्बोला जोडलेली असते, मोबाईलवर फोटो काढून मगच सोडवा. मग एअर फिल्टरच्या बाजूचा क्लॅम्प सोडा, फिल्टरच्या डब्याचे बोल्ट काढून डबा मागे सरकवा. ही पायरी सगळे टाळतात कारण दहा मिनिटं जास्त लागतात, पण कार्बोला मागे यायला जागाच नसेल तर इंजिनकडून तो सुटणार कसा.

अमळनेरच्या आमच्या चुलतभावाची गाडी अशीच शेडमध्ये उभी राहून राहून अडकली होती. कुणीतरी आधीच ड्रायव्हर लावून बघितलेलं, काठावर खूण दिसत होती. क्लॅम्पचा स्क्रू सैल होता पण पट्टी रबराच्या खाचेत गंजून चिकटली होती, म्हणजे क्लॅम्प सुटलाय असं वाटत होतं तरी रबर अजून आवळलेलंच होतं. पट्टी हाताने पूर्ण मागे सरकवल्यावर काठाखाली पांढरट पावडरीची बारीक रेघ दिसली. तो ॲल्युमिनियमचा गंज, रबराला तोच धरून ठेवतो. शेजारचे जुने मेकॅनिक काका येऊन एवढंच म्हणाले, "भो, जोर नको लाऊ, फाटी जाई."

तर आम्ही गरम पाण्यात जाड फडकं बुडवून पिळलं आणि रबराभोवती गुंडाळलं, गार झालं की परत दुसरं, असं तीन-चार वेळा. अंगठ्याने दाबल्यावर रबर जरा दबायला लागलं. मग प्लास्टिकचा झिप टाय घेतला, त्याचं टोक गोल करून घेतलं आणि साबणाच्या पाण्यात बुडवून काठाखाली हळूच सरकवत गोल फिरवत नेलं, जिथे अडकलं तिथे थांबून परत साबणाचं पाणी. एक फेरी पूर्ण व्हायला वेळ लागला पण नंतर कार्बो जरा डुलवला तर बारीक 'फुस्स' झालं आणि तो हातात आला. टोक गोल केलेल्या झिप टायला ना धार असते ना टोचणारं टोक, म्हणून तो ड्रायव्हरपेक्षा कितीतरी बरा. साबणाऐवजी सिलिकॉन स्प्रे नळीने मारला तरी चालतो. रॉकेल, ग्रीस, इंजिन ऑईल मात्र नको, त्याने बऱ्याच जातीचं रबर फुगून मऊ पडतं. आणि हीट गन किंवा हेअर ड्रायर पेट्रोलच्या वासात अजिबात नाही, आत लाल तापलेली तार असते हे लक्षात असू द्या.

एवढं करूनही नाही निघाला तर रबराशी भांडू नका, मॅनिफोल्डच इंजिनवरून खोला. दोनच बोल्ट असतात बहुतेक, ते सोडले की कार्बो आणि रबर एकत्रच बाहेर येतात, मग टेबलावर आरामात गरम कपडा लावून वेगळे करा. माझ्या मते गाडी खूप जुनी असेल तर सुरुवातच इथून करावी. फक्त इंजिनच्या उघड्या भोकात लगेच स्वच्छ कापडाचा बोळा कोंबा, नट किंवा खडा आत गेला तर काम हेडपर्यंत जातं. परत बसवताना तिथली ओ-रिंग किंवा गॅस्केट नवीन टाका, आणि बोल्ट 6 मिमीचे असतील तर 10 न्यूटन मीटरच्या आसपास पुरे, जास्त आवळले तर ॲल्युमिनियमचे आटे जातात.

रबर निघाल्यावर ते उलटं वाकवून उजेडात बघा. वरवरच्या बारीक रेघा चालतात, पण वाकवल्यावर तोंड उघडणारी चीर असेल किंवा नख दाबूनही खूण पडत नसेल तर नवीन घ्या. सिलिकॉन सीलंट किंवा एम-सील लावून भागवायचा मोह होतो, पण सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं आणि त्याचे तुकडे इंजिनमध्ये खेचले जातात.

बसवताना कार्बोचं तोंड पुसून साबणाच्या पाण्याचा हलका हात फिरवा, क्लॅम्प खाचेतच बसवा आणि रबर फुगून बाहेर येईल इतका आवळू नका. मग गाडी सुरू करून आयडलला ठेवा, बाटलीने रबराभोवती साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला, आयडल पडलं किंवा वाढलं तर तिथून हवा ओढतेय. कार्ब क्लीनर मारून तपासतात काही लोक, गरम इंजिनवर तो पेट घेतो म्हणून नको. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही आरपीएम खाली यायला वेळ लागतोय किंवा सायलेन्सरमध्ये फटफट होतेय, तर आधी ती व्हॅक्यूमची बारीक नळी बघा, रबरापेक्षा जास्त वेळा तीच लावायची राहिलेली असते.