मरियमची कथा आयत आणि वचन समोरासमोर ठेवून वाचताना : या चुका टाळा

कुराणातील मरियमची कथा आणि शुभवर्तमानांतील येशूजन्माची कथा यांची तुलना करायला बसलेला वाचक बहुधा वहीच्या पानावर मधोमध एक रेघ ओढतो, डावीकडे बायबल आणि उजवीकडे कुराण असे लिहितो, आणि इथेच पहिली चूक होते. रकाने दोन नाहीत, निदान चार आहेत. चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान जन्मकथा सांगतच नाहीत. ती सांगणाऱ्या मत्तय आणि लूक यांच्या कथा परस्परांहून वेगळ्या आहेत. पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजे मागी लोक, मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात येतात आणि बाळाला घरात भेटतात, तर मेंढपाळ आणि गव्हाण लूकच्या दुसऱ्या अध्यायात आहेत. नाताळात वसईत आणि गोव्यात मांडल्या जाणाऱ्या गोठ्यात हे सारे एकत्र दिसतात, सोबत बैल आणि गाढवही असते. पण बैल-गाढवाचा उल्लेख जन्मप्रसंगी दोघांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. कुराणाकडेही तसेच आहे. सूरह मरियम (19:16–33) मक्केतील मानली जाते, तर सूरह आले इम्रान (3:35–47) मदिनेतील, आणि एकाच घटनेचे शब्द दोन्हीकडे अगदी सारखे नाहीत.

हा फरक किती मोलाचा आहे, हे एका प्रश्नावरून पाहता येते. लूक 1:34 मध्ये मरीया गब्रीएल दूताला विचारते की, हे कसे होईल, कारण मला पुरुष ठाऊक नाही. याच्यासमोर 3:47 ठेवली की जोडी जुळल्यासारखी वाटते : मला मूल कसे होईल, मला कोणा पुरुषाने स्पर्श केलेला नाही. परंतु 19:20 मध्ये मरियम आणखी एक वाक्य बोलते, ‘आणि मी बदचलनही नाही.’ येथे अरबीत ‘बगिय्या’ हा शब्द आहे. ही पुनरुक्ती समजून वाक्य गाळणारे पुष्कळ भेटतात. थोडे पुढे, 19:28 मध्ये बाळाला घेऊन परतलेल्या मरियमला लोक म्हणतात की, तुझा बाप वाईट नव्हता आणि तुझी आई ‘बगिय्या’ नव्हती. तोच शब्द. ज्या आरोपाला ती पुढे सामोरी जाणार आहे त्याचे उत्तर तिने आधीच उच्चारलेले असते. आले इम्रानमध्ये लोकांचा हा आरोप कथेत येत नाही, म्हणून तिथे ते वाक्यही नाही. रकाने एकत्र केले की हा धागा तुटतो.

दुसरी चूक म्हणजे फक्त मरियमच्या आयती उचलून तुलना करणे. लूक आणि कुराण दोघेही तिच्याआधी म्हातारपणी मूल होईल अशी वार्ता मिळालेल्या जखऱ्याची, म्हणजे जकरियाची कथा सांगतात, आणि खरा फरक त्या जोडकथेतच उघड होतो. लूककडे जखऱ्या विचारतो की, हे मी कशावरून समजू, आणि विश्वास ठेवला नाही म्हणून मुका होतो (1:18–20). मरीयेला मात्र उत्तर मिळते, शिक्षा नाही. दोन प्रश्न जवळजवळ सारखे असूनही लूक त्यांत भेद करतो. कुराणात जकरियाचे न बोलणे ही शिक्षा नव्हे, त्याने स्वतः मागितलेली निशाणी आहे (19:10 मध्ये तीन रात्री, 3:41 मध्ये तीन दिवस). सूरह मरियममध्ये तर दोघांनाही एकाच शब्दांत उत्तर मिळते : ‘ते माझ्यासाठी सोपे आहे’ (19:9 आणि 19:21). आले इम्रानमध्ये बारीक भेद येतो. जकरियाला सांगितले जाते की अल्लाह इच्छील ते ‘करतो’ (3:40), मरियमला सांगितले जाते की अल्लाह इच्छील ते ‘निर्माण करतो’ (3:47). वृद्ध दांपत्याला मूल होणे आणि पुरुषाविना मूल होणे यांतले अंतर त्या एका क्रियापदात आहे. भाषांतरात दोन्हीकडे ‘करतो’ छापलेले असेल, तर हे हातातून निसटते. अशा जागी दुसरे भाषांतर उघडून क्रियापद तपासावे.

तिसरी चूक कोऱ्या जागांविषयीची आहे. कुराणाच्या रकान्यात योसेफ नाही, बेथलेहेम नाही, नावनिशी नाही. शुभवर्तमानांच्या रकान्यात खजुराचे झाड नाही, मरियमच्या आईचा नवस नाही आणि पाळण्यातून बोलणारे बाळही नाही. कोरी जागा म्हणजे नकार, असे वाचणे घाईचे आहे. त्याहून वाईट म्हणजे ती दुसऱ्या रकान्यातून भरणे. खजुराचेच पाहा. 19:23–26 मध्ये प्रसववेदनांनी मरियम खजुराच्या बुंध्याशी येते, याआधीच मेले असते तर बरे, असे म्हणते, आणि खालून आवाज येतो की दुःख करू नकोस, तुझ्या खाली झरा आहे, बुंधा हलव म्हणजे ताजा खजूर पडेल. लॅटिनमधील छद्म-मत्तय या ग्रंथातही खजूर आणि पाणी आहे, म्हणून हा त्याचाच उतारा, असे झटकन लिहिले जाते. पण तिथे प्रसंग जन्माचा नाही. मिसरकडे जाताना बाळ मांडीवर आहे आणि झाडाला वाकायला तेच सांगते. शिवाय या ग्रंथाचा काळ बहुतेक अभ्यासक कुराणाच्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा धरतात. कथा पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांत आधीपासून फिरत असावी, इतकेच सावधपणे म्हणता येते. याउलट मरियमचे देवालयात वाढणे आणि तिला मिळणारे अन्न (3:37) यांचे साम्य दुसऱ्या शतकातील याकोबाच्या आदिशुभवर्तमानाशी खरोखरच जवळचे आहे, आणि तो ग्रंथ कुराणापूर्वीचा आहे.

चौथी चूक मराठी वाचकाकडून विशेष होते, ती नावांमुळे. 19:28 मध्ये लोक मरियमला ‘हारूनची बहीण’ म्हणतात. हारून म्हणजे मराठी बायबलमधील अहरोन, मोशेचा भाऊ. निर्गम 15:20 मध्ये अहरोनाच्या बहिणीचे नाव ‘मिर्याम’ छापलेले असते आणि येशूच्या आईचे ‘मरीया’. अरबीत मात्र दोघीही मरियमच. म्हणून कुराणाने येशूच्या आईची कित्येक शतकांपूर्वीच्या मिर्यामशी गल्लत केली, हा आक्षेपच मराठी मजकूर पाहणाऱ्याला कळत नाही, आणि कळला की तो मोठा शोध लागल्यासारखा मांडला जातो. हा आक्षेप जुना आहे. सहीह मुस्लिम या संग्रहातील हदीसनुसार नजरानच्या ख्रिस्ती लोकांनी पैगंबरांचे सहकारी मुगीरा बिन शोबा यांना नेमके हेच विचारले होते, आणि पैगंबरांनी खुलासा केला की ते लोक पूर्वीच्या पैगंबरांची व सज्जनांची नावे ठेवीत असत. काही अभ्यासक ‘बहीण’ हा शब्द कुळदर्शक मानतात. लूक 1:5 मध्ये जखऱ्याची पत्नी अलीशिबा अहरोनाच्या कन्यांपैकी आहे आणि 1:36 नुसार ती मरीयेची नातेवाईक आहे, हे वचन या संदर्भात टिपून ठेवण्यासारखे आहे. खुलासा पटो न पटो, तो न नोंदवता आक्षेप मात्र लिहिणे हे अर्धेच काम झाले.

शेवटची चूक कथा कुठे थांबते याविषयीची. बाळाचे बोलणे 19:30 मध्ये ‘मी अल्लाहचा दास आहे’ येथे सुरू होते आणि 19:33 ला संपते. 19:35, म्हणजे अल्लाहने पुत्र करून घेणे त्याला शोभत नाही, ही आयत सर्रास बाळाच्या तोंडी घालून लूक 1:35 मधील ‘देवाचा पुत्र’ या शब्दांसमोर ठेवली जाते. अरबी पाठ ऐकल्यास चूक कानालाच कळते : दुसऱ्या आयतीपासून 33 पर्यंत यमक ‘-इय्या’ असे चालते, 34 पासून 40 पर्यंत ते ‘-ऊन’, ‘-ईन’, ‘-ईम’ असे बदलते, आणि 41 पासून इब्राहिमच्या कथेसोबत पुन्हा ‘-इय्या’ परत येते. मधल्या सात आयती कथेवरचे भाष्य आहेत. लूक 1:35 समोर ठेवायचीच असेल तर 19:21 ठेवावी, कारण दोन्ही ठिकाणी दूत मरियमच्याच ‘कसे?’ला उत्तर देत असतो.