सुनीतातली कलाटणी : या चुका टाळा

नागपुरात नव्याने लिहिणाऱ्यांची सुनीते वाचून अभिप्राय देण्याचे काम मी बराच काळ करीत आहे, आणि ज्या चुका पहिल्यांदा पाहिल्या त्याच आजही कागदावर उतरलेल्या दिसतात. शार्दूलविक्रीडिताची अक्षरे बहुतेकांना मोजता येतात, यमकेही जुळतात. बिघडते ते आठव्या आणि नवव्या ओळीच्या सांध्यावर. पहिल्या आठ ओळींच्या अष्टकात जे म्हणणे मांडले, त्याच म्हणण्याकडे उरलेल्या सहा ओळींच्या षट्काने वेगळ्या बाजूने पाहिले पाहिजे, आणि त्यामुळे अष्टक आधी वाटले होते तसे उरता कामा नये. एवढे घडले नाही, तर चौदा ओळींची कविता झाली असे म्हणावे, सुनीत म्हणू नये.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे नवव्या ओळीच्या तोंडाशी ‘पण’, ‘परंतु’ किंवा ‘मात्र’ बसवून कलाटणी आली असे समजणे. काटोलकडच्या एका विद्यार्थ्याने आणलेले सुनीत या संदर्भात सविस्तर सांगण्यासारखे आहे. अष्टकात त्याच्या वडिलांची संत्र्याची बाग होती. पहिल्या चार ओळींत वडील उन्हाळाभर विहिरीचा तळ गाठून झाडांना पाणी घालतात. पाचव्या ओळीत जून महिना येतो, वडील कुऱ्हाड उचलतात, मुलाकडे न बघता एकेक झाड आडवे करतात, आणि स्वतः वाढवलेल्या झाडांवर घाव घालणारे हे मन दगडाचे असले पाहिजे, या आरोपावर आठवी ओळ संपते. अष्टक उत्तम होते. नववी ओळ मात्र अशी होती :

आता मात्र ढगांत गर्जत पुन्हा आल्या नव्या ह्या सरी

पुढच्या पाच ओळींत ओली माती, नवे कोंब आणि शेवटी आशा. वृत्तात कुठेही चूक नव्हती आणि लिहिणारा समाधानी होता. मी त्याला एकच गोष्ट करायला सांगितली : ‘मात्र’ विसर आणि त्या जागी ‘आणि मग’ आहे असे समजून अर्थ वाच. बाबांनी झाडे तोडली, आणि मग पाऊस आला. वाक्य कुठेही अडखळत नाही, कारण तिथे एका घटनेनंतर दुसरी घटना आली आहे, एका म्हणण्यासमोर दुसरे म्हणणे उभे राहिलेले नाही. बाप दगडाच्या मनाचा आहे हा आरोप पाऊस पडल्याने खराही ठरत नाही आणि खोटाही ठरत नाही. शिवाय आडव्या झालेल्या झाडांना पावसाचा उपयोग काय, हा साधा प्रश्नही त्याला पडला नव्हता. ऋतू बदलला, सूर बदलला, युक्तिवाद जिथल्या तिथे राहिला.

मग मी विचारले, “ही झाडे जूनमध्येच का तोडली?” वृत्तात बसला म्हणून जून घेतला असेल, अशी माझी शंका होती. तो म्हणाला, “बाग दोन हंगाम धरलीच नव्हती, सर. आणि कॉलेजची फी भरायची होती. लाकूड विकून थोडे पैसे आले.” कलाटणीचे सगळे साहित्य त्याच्याच पाचव्या ओळीत पडून होते, आणि ते सोडून तो आभाळातून पाऊस आणायला गेला होता. पुढच्या बैठकीला त्याने नववी ओळ अशी आणली :

दोषी कोण? कुऱ्हाड ती उचलली माझ्याच फीच्या दिनी

आता तीच कसोटी इथे लावून पाहा. बाबा निर्दय आहेत, आणि कुऱ्हाड माझ्या फीसाठी उचलली गेली. ही दोन वाक्ये शेजारी सुखाने नांदत नाहीत. दुसरे खरे मानले की पहिले मागे घ्यावे लागते, किंवा निदान ते कोणी आणि कोणत्या हक्काने उच्चारले हे तपासावे लागते. आरोप करणाराच आरोपाच्या कक्षेत येतो, आणि ‘मुलाकडे न बघता’ हा अष्टकातला निर्दयपणाचा पुरावा दुसऱ्यांदा वाचताना मुलाला सत्य कळू नये यासाठीच्या धडपडीचा पुरावा होतो. अष्टकातला एकही शब्द न बदलता त्याचा अर्थ फिरतो. मी कलाटणी म्हणतो ती याला.

या दुरुस्तीतून माझ्या दोन सवयी सांगता येतील. अष्टक लिहून झाले की त्यातले म्हणणे एका साध्या गद्य वाक्यात लिहावे, षट्काचेही तसेच एक वाक्य करावे, आणि मध्ये ‘आणि मग’ घालून मोठ्याने वाचावे. वाक्य गुळगुळीत वाचले गेले, तर षट्क बाजूला ठेवावे. दुसरी सवय अशी की षट्कासाठी नवे साहित्य शोधण्याआधी अष्टकातला असा एक तपशील शोधावा, जो तिथे आहे पण ज्याचे कारण अजून सांगितलेले नाही. हे काम एका बैठकीत होत नाही. पहिल्या दिवशी चौदा ओळी पूर्ण करून दुसऱ्या दिवशी त्या वाचून दाखवण्याची घाई असलेल्यांनी मुक्तछंद लिहावा, असे मी स्पष्टपणे सांगतो. त्या विद्यार्थ्याची ओळ ऐकून इतर काहींनी आपापल्या नवव्या ओळीत ‘दोषी कोण’ विचारायला सुरुवात केली, तीही याच घाईची एक तऱ्हा आहे. अष्टकात आरोपच नसेल, तर दोषी शोधायचा कशाला?

दुसरी चूक कानाची आहे. वरच्या पहिल्या मसुद्यात अष्टकातली निम्मी यमके ‘री’ची होती आणि नववी ओळही ‘सरी’वर संपत होती. म्हणजे अर्थाने वळण घेतले असते, तरी कानाला आपण अजून अष्टकातच आहोत असे वाटले असते. पेत्रार्काच्या घडणीत अष्टक दोनच यमकांवर चालते आणि षट्कात नवी यमके सुरू होतात, ते याच कारणासाठी. मराठीत हे अधिक सांभाळावे लागते, कारण गणवृत्त चौदाही ओळींत एकच राहते. लय बदलण्याची मुभा नाही, तेव्हा वळणाची खूण यमकाने आणि वाक्यरचनेनेच द्यावी लागते.

वाक्यरचनेचे पाहायचे असेल, तर केशवसुतांचे ‘आम्ही कोण?’ समोर ठेवून बसावे. मराठीत सुनीत रुजवले ते केशवसुतांनी, आणि या चौदा ओळींत ‘पण’ हा शब्द एकदाही नाही. पहिली ओळ समोरच्याचा प्रश्न उचलते आणि आठव्या ओळीपर्यंत कवी त्याला ठाम विधानांनी उत्तर देतो : आम्ही देवाचे लाडके, आमची दृष्टी दिक्कालांच्या आरपार जाते, आमच्या स्पर्शाने वस्तूंना सौंदर्य येते. आठव्या ओळीत ‘तुम्ही’ फोले पाखडता आणि ‘आम्ही’ सत्त्व निवडतो, असा सामना लागतो. नवव्या ओळीत विधाने थांबतात आणि प्रश्न विचारण्याचे काम कवी स्वतःकडे घेतो : ‘शून्यामाजिं वसाहती वसविल्या कोणीं सुरांच्या बरें?’ आतापर्यंत तुम्ही विचारत होता, आता मी विचारतो. दहाव्या ओळीतही प्रश्नच आहे, आणि अकराव्या व बाराव्या ओळी ‘ते आम्हीच’ म्हणून त्यांचे उत्तर देतात. स्वतःविषयीची बढाई वाटावी अशा विधानांचे रूपांतर ऐकणाऱ्यावर टाकलेल्या जबाबदारीत होते, आणि हे सगळे विधानांच्या जागी प्रश्न आल्याने होते. यमकेही तिथेच बदलतात. अष्टकात फक्त दोन यमके आहेत, प्रत्येक चौकडीत बाहेरच्या दोन ओळींना एक आणि आतल्या दोन ओळींना दुसरे, नवव्या ओळीपासून नवी जोडी सुरू होते, आणि शेवटच्या दोन ओळी तिसऱ्या यमकाने बांधल्या आहेत.

त्या शेवटच्या दोन ओळींवरून तिसऱ्या चुकीकडे येतो. ‘आम्हांला वगळा’ हे आव्हान दोनदा येते आणि त्याचा आघात मोठा आहे, म्हणून नवशिके सगळी शक्ती तेराव्या ओळीसाठी राखून ठेवतात आणि नऊ ते बारा या ओळी भरताड म्हणून लिहितात. शेक्सपिअरच्या घडणीत तीन चौकड्या आणि एक द्विपदी असते, आणि तिथे मोठे वळण द्विपदीपर्यंत लांबवता येते, कारण तिन्ही चौकड्या मिळून एकेक पायरी चढत आलेल्या असतात. ज्याने अष्टक घट्ट बांधले, त्याला ही सवलत नाही. केशवसुतांची द्विपदी जोरकस लागते, कारण नवव्या ओळीने आधीच भूमिका बदललेली आहे. ती दुसरे वळण आहे, पहिल्याच्या बदली आलेले नाही.

वळण नेमके नवव्या ओळीच्या पहिल्या अक्षरावरच हवे, हा हट्टही सोडावा, पण जपून. आपल्या अंधत्वावर मिल्टनने लिहिलेल्या सुनीतात आठव्या ओळीच्या पोटातच तक्रार तोडली जाते. दृष्टी काढून घेऊन देव दिवसभराचे काम मागेल का, असे कवी विचारतो आणि ‘सहनशीलता’ तिथेच बोलू लागते. तिचे उत्तर नवव्या ओळीत शिरून थेट शेवटपर्यंत जाते. वळण लवकर येण्यामागे कारण आहे : कुरकुर पूर्ण होण्याआधी ती थांबवायची आहे, म्हणून थांबवणारा आवाज आपली पाळी येण्याची वाट पाहत नाही. असे कारण तुमच्याकडे असेल, तर सांधा जरूर ओलांडावा. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरानंतर यती आहे, त्यामुळे आठव्या ओळीतली शेवटची सात अक्षरे षट्काला देता येतात आणि कानालाही ते खटकत नाही. आठव्या ओळीत अक्षरे उरली म्हणून वळण आधी आले, हे कारण मी स्वीकारत नाही.

अष्टक आणि षट्क यांच्यामध्ये मोकळी ओळ सोडल्याने कलाटणी येत नाही.

दुःखाकडून आनंदाकडे जाणे म्हणजे कलाटणी नव्हे. षट्क अष्टकापेक्षा अधिक उदास असले तरी चालते.

शीर्षकात वळण सांगून टाकू नये. त्या विद्यार्थ्याने दुरुस्त केलेल्या सुनीताला आधी ‘फी’ असे नाव दिले होते, आणि पाचव्या ओळीत जून येताच वाचकाला सगळे उमगत होते. ते ‘बाग’ केल्यावर जून पुन्हा साधा महिना झाला, आणि नवव्या ओळीला तिचे काम करता आले.