फोनवरच्या प्रश्नोत्तरांतून सलग जबाब: लिहिण्यापूर्वीची तयारी

वाहन विम्याच्या दाव्यात अपघातग्रस्ताशी फोनवर झालेले बोलणे आधी शब्दशः उतरवले जाते आणि मग त्यातून त्याचा 'मी'ने सुरू होणारा सलग जबाब तयार केला जातो. जबाब लिहायला घेण्यापूर्वी उताऱ्यातल्या प्रत्येक बोलण्याला ओळीने क्रमांक द्यावा आणि 'हं', 'थांबा जरा' यांसारखे तुकडेही त्यातून वगळू नयेत. फोन कोणत्या तारखेला आणि किती वाजता झाला, याची नोंद जबाबाच्या माथ्यावर हवी. सांगणारा 'परवा' म्हणाला असेल तर तो शब्द बदलून त्याच्या तोंडी तारीख घालण्यापेक्षा माथ्यावरची तारीख पाहून वाचकालाच हिशेब करू द्यावा.

सांगणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हेही आधी पक्के करावे. 'कासारवडवलीहून', 'पावणेनऊला' अशा तुटक उत्तरांतून ते कळत नाही, पण जबाबाच्या पहिल्याच वाक्यात 'मी निघालो' की 'मी निघाले' हे ठरवावे लागते. निव्वळ आवाजावरून अंदाज बांधू नये. दाव्याच्या कागदांवर पाहावे.

सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो तो प्रश्नातल्या शब्दांना. घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याजवळ रिक्षाची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वार बाईंचा नमुना घेऊ. उताऱ्यातल्या ओळी अशा आहेत:

११. प्रश्न: रिक्षा तुमच्या डावीकडून आली का?
१२. उत्तर: हं.
१३. प्रश्न: आणि धडक कुठे बसली?
१४. उत्तर: मागच्या चाकाला. मी तर ब्रेक लावला होता. पण त्याआधी सिग्नल हिरवाच होता.
३१. उत्तर: अहो, मघाशी ते डावीकडून झालं ना, तसं नाही. ती मागूनच आली.

घाईने लिहिणारा ११ आणि १२ एकत्र करून 'रिक्षा माझ्या डावीकडून आली' असे लिहितो आणि पुढे ३१ जोडतो. त्या जबाबात बाई आधी एक सांगतात आणि नंतर शब्द फिरवतात असे दिसते, आणि दावा तपासणाऱ्याचे बोट नेमके तिथेच जाते. प्रत्यक्षात 'डावीकडून' हा शब्द विचारणाऱ्याचा होता, आणि 'हं' म्हणजे होकार की नुसते 'ऐकतेय, पुढे बोला', हे कागदावरून सांगता येत नाही. अशा जागी ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे आणि तरीही उलगडा झाला नाही तर तेवढा भाग प्रश्नोत्तर रूपातच ठेवावा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६ मध्ये सत्र न्यायालयातील साक्ष सामान्यतः कथनरूपात उतरवावी, मात्र तिचा एखादा भाग प्रश्नोत्तर रूपात घेण्याची मुभा न्यायाधीशाला असावी, असेच म्हटले होते. विम्याच्या जबाबाला ते कलम लागू नाही, पण सोय तीच आहे.

त्यानुसार आपला मजकूर असा होईल: 'रिक्षा तुमच्या डावीकडून आली का, असे मला विचारले गेले, त्यावर मी "हं" म्हणाले. धडक मागच्या चाकाला बसली. मी तर ब्रेक लावला होता. पण त्याआधी सिग्नल हिरवाच होता.' ओळ ३१ मधली दुरुस्ती तिच्या स्वतःच्याच जागी, म्हणजे ओळ ३० नंतर येईल; ती उचलून वर नेऊन ११ ची जागा 'साफ' करू नये. हिरवा सिग्नल घटनाक्रमात ब्रेकच्या आधीचा असला तरी तो सांगितला गेला नंतर, आणि 'त्याआधी' हा शब्द घटनांचा क्रम आपोआप सांगतो. आपल्याला सांभाळायचा आहे तो सांगण्याचा क्रम.

दोन प्रश्न एकत्र विचारून एकच 'हो' मिळाला असेल, उदाहरणार्थ 'हेल्मेट होते का, लायसन्स सोबत होते का?', तर तो होकार दोन्हींना वाटून देऊ नये. हा भागही प्रश्नोत्तरातच राहील. 'असेल', 'बहुतेक', 'वाटतं' हे शब्द गाळून वाक्य ठाम करण्याचा मोह टाळावा. 'साडेआठ, नाही, पावणेनऊ' हे दोन्ही आकड्यांसह लिहावे. ठाण्यात बोलता बोलता हिंदीत शिरणे नित्याचे आहे, आणि हिंदीतला 'कल' काल आणि उद्या दोन्हींसाठी येतो, म्हणून तिथे क्रियापद पाहूनच अर्थ लावावा आणि मूळ शब्द कंसात ठेवावा.

मसुदा झाल्यावर प्रत्येक वाक्यासमोर समासात मूळ क्रमांक टाकावा. क्रमांक कुठेही मागे गेला तर क्रम बिघडला आहे, आणि ज्या वाक्याला क्रमांकच सापडत नाही ते आपण स्वतः रचलेले आहे. ते काढून टाकावे. शेवटी जबाब त्या व्यक्तीला वाचून दाखवावा. तिने सुचवलेला बदल मजकुरात मिसळू नये; तो शेवटी, वाचून दाखवल्याच्या तारखेसह, वेगळा लिहावा.