बाटलीतली साखर चमच्यांत मोजताना या चुका टाळा

शीतपेयाच्या बाटलीवरचा तक्ता प्रत्येक १०० मिलीमागे किती साखर आहे ते सांगतो. पूर्ण बाटलीचा हिशेब आपल्यालाच करावा लागतो आणि तिथेच लोक घाई करतात.

एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलांनी ७५० मिलीच्या कोलाच्या बाटलीशेजारी साखरेची पुडी ठेवून ‘या बाटलीत अडीच चमचे साखर’ अशी चिठ्ठी लावली होती. तक्त्यात १०.६ ग्रॅम हा आकडा होता. त्याला चारने भागून मुले मोकळी झाली होती. “एवढीच? आमच्या चहात याहून जास्त पडते,” असे एक आई म्हणाल्या, तेव्हा मला फार वाईट वाटले, कारण ती चिठ्ठी वाचून माणसे निश्चिंत होऊन घरी जात होती. मी मुलांना पुन्हा मांडणी करायला लावली. ७५० मिलीमध्ये १०० मिलीचे साडेसात भाग होतात, ७.५ × १०.६ म्हणजे ७९.५ ग्रॅम आणि सपाट चहाच्या चमच्यात ४ ग्रॅम साखर धरली, तर जवळजवळ २० चमचे. तेवढी साखर काट्यावर तोलून ओतली, तेव्हा चहाचा छोटा ग्लास जवळपास भरला. तेव्हापासून मी तक्त्याकडे पाहण्याआधी बाटलीवरचे निव्वळ प्रमाण कागदावर लिहून घेतो. सव्वादोन लिटरची बाटली असेल, तर आधी २२५० मिली असे लिहावे.

दुसरी चूक चमच्याची. आपल्या स्वयंपाकघरातला चमचा शिगोशीग भरला, तर ४ ग्रॅमांपेक्षा बरीच जास्त साखर बसते, आणि मग वीस चमचे दहा-बाराच वाटू लागतात. मी ५ मिलीचा मापाचा चमचा भरतो आणि सुरीच्या पाठीने वरची साखर सपाट करतो. अंदाजाने भरलेला चमचा मला मान्य नाही.

१०० मिलीचे चमचे आधी काढून ते पूर्णांकात बसवू नका, २.६५ चे ३ केले, तर तीच बाटली साडेबावीस चमच्यांची होते. भागाकार शेवटी करावा.

‘एकूण साखर’ आणि ‘अतिरिक्त साखर’ या ओळींची बेरीज करू नका, कारण दुसरी पहिलीतच धरलेली असते. शेजारी ‘प्रति सर्व्हिंग’ रकाना असल्यास तो किती मिलीचा आहे हे पाहिल्याशिवाय त्यातला आकडा उचलू नका.

साखरेचा आकडा नीट वाचला का, हे पडताळायला मी ऊर्जेची ओळ पाहतो. एक ग्रॅम साखर सुमारे ४ किलोकॅलरी देते, म्हणून साध्या गोड शीतपेयात १०० मिलीच्या किलोकॅलरींना चारने भागल्यावर साखरेच्या जवळचाच आकडा यायला हवा. दूध असलेल्या पेयांना ही पडताळणी लागू पडत नाही, कारण त्यांतल्या स्निग्ध पदार्थांची आणि प्रथिनांची ऊर्जाही त्या ओळीत मोजलेली असते.